पाच पेशंटनंतर एक एमआर

पंढरपूरच्या वाटेवरच्या एका तालुक्याच्या गावात एका फिजिशियनच्या दवाखान्याबाहेर पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगाने लिहिलेली पाटी होती : ‘एम. आर. : पाच पेशंटनंतर एक. सोमवारी व बाजाराच्या दिवशी भेट नाही.’ मी औषध कंपनीत एमआर म्हणून नोकरीला लागून दोन महिने झाले होते. खांद्याला बॅग, गळ्यात टाय, आणि त्या दिवसाच्या यादीतले सात डॉक्टर अजून बाकी. पाटी वाचून मला वाटलं, डॉक्टर भेटायला टाळाटाळ करतायत. पुढे चौदा-पंधरा वर्षं त्याच भागात फिरल्यावर कळलं, की मी पाहिलेल्या सगळ्या दवाखान्यांत एमआरला वेळ देण्याची इतकी चोख रीत दुसरी नव्हती.

ती समजण्यासाठी आधी दवाखान्यातल्या वेळेचा हिशेब पाहू. सकाळची ओपीडी दहा ते दीड, म्हणजे २१० मिनिटं. बरा चालणारा दवाखाना असेल तर साठ पेशंट कुठेच गेले नाहीत. डॉक्टरांनी दुसरं काहीही केलं नाही, तरी एका पेशंटच्या वाट्याला साडेतीन मिनिटं येतात. ही काही एका गावाची गोष्ट नाही. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ६७ देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. त्यात स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे साधारण दोन मिनिटं, असं चित्र होतं.

आता पाटीवरचा नियम लावा. पाच पेशंटनंतर एक, म्हणजे साठ पेशंटांत बारा एमआर. प्रत्येकाने दोन मिनिटं घेतली तर २४ मिनिटं गेली, आणि पेशंटची साडेतीन मिनिटं तीनवर आली. पण त्याच बारा जणांनी पाच-पाच मिनिटं घेतली तर तासभर जातो आणि पेशंटला अडीच मिनिटं उरतात. प्रत्येक पेशंटचं एक मिनिट आम्ही घेतलं. छातीत नक्की कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, जिना चढताना की जेवल्यावर, एवढं विचारायला तेच एक मिनिट लागतं. म्हणून एमआर डॉक्टरांकडे वेळ मागतो तेव्हा ती वेळ डॉक्टरांची नसते, बाहेर बाकावर बसलेल्या माणसाची असते. वेळ कशी मागावी, याबद्दल या प्रकरणात जे काही सांगणार आहे त्याचा उगम इथे आहे.

एमआरच्या बाजूने पाहिलं तर त्याचंही गणित तंग असतं. रोज साधारण दहा-अकरा डॉक्टर आणि पाच-सहा केमिस्ट भेटायचे, ही बहुतेक कंपन्यांची अपेक्षा. डॉक्टरांची यादी दीडशे ते दोनशे नावांची. त्यातल्या महत्त्वाच्या डॉक्टरांकडे महिन्यातून दोनदा-तीनदा गेलंच पाहिजे. महिना सुरू व्हायच्या आधीच कुठल्या तारखेला कुठल्या गावात, हा दौरा ठरवून पाठवलेला असतो, आणि रात्री मुक्कामी पोचल्यावर कोणाला भेटलो, काय दाखवलं, किती सॅम्पल दिलं, याचा रोजचा रिपोर्ट भरायचा असतो. आठवड्यातून एकदाच जायच्या गावात डॉक्टरांची एखादी भेट, आमच्या भाषेत कॉल, चुकली तर ‘उद्या येतो’ म्हणायची सोय नसते. या नोकरीला १९७६ मध्ये स्वतःचा कायदा मिळाला, नेमणूकपत्र आणि रजा यांच्या तरतुदी त्यात होत्या. पण दाराबाहेर घालवलेल्या तासांची मोजदाद कोणत्याही फॉर्मात होत नाही. म्हणून थांबून थांबून आत गेलेला एमआर मिळालेली वेळ ताणतो. तासभर थांबलोय तर चार औषधं दाखवूनच निघू, असं मनात येतं. चूक तिथेच होते.

चांगला कॉल दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही, शेजारच्या मेडिकलमध्ये सुरू होतो. केमिस्टकडे पाच मिनिटं उभं राहिलं, की डॉक्टर सध्या काय लिहितायत, कुठल्या आजाराचे पेशंट जास्त येतायत, आपल्या औषधाची पट्टी फळीवर आहे की नाही, सगळं समजतं. धंद्यात याला प्रिस्क्रिप्शन ऑडिट म्हणतात. कंपनीला त्यातून विक्रीचा अंदाज हवा असतो. मला त्यातून वेगळीच गोष्ट मिळायची : आज डॉक्टरांना काय सांगायची गरजच नाही, हे कळायचं. जे औषध ते महिनाभर नियमित लिहितायत, त्याचं पुन्हा वर्णन करायला जाणं म्हणजे पेशंटचं मिनिट फुकट घालवणं.

दुसरी चौकशी कंपाउंडरकडे. शहरात आता रिसेप्शनिस्ट ताई असतात, तालुक्याला अजून कंपाउंडर काका असतात. त्यांना ‘डॉक्टर आहेत का?’ हा प्रश्न विचारू नये. डॉक्टर आहेत हे दिसतंच असतं. विचारावं, ‘काका, आज गर्दी कशी आहे?’ काका सांगतात, ‘नवीन पेशंट कमी आहेत, रिपोर्टवाले दहा जण आहेत.’ किंवा, ‘आज नको. आत ॲडमिट करायचा पेशंट आहे, डॉक्टर तापलेत.’ या एका वाक्यात दिवसाचा अंदाज येतो. रिपोर्ट दाखवायला आलेल्यांची रांग भराभर सरकते, नवीन पेशंटची सरकत नाही. सोमवारी सकाळी रविवारचे साठलेले पेशंट असतात. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजार आणि डॉक्टर दोन्ही कामं एका एसटीच्या फेरीत उरकतात, त्यांना परतीची गाडी गाठायची असते. पाटीवर या दोन दिवसांना मज्जाव का होता, ते मला असं हळूहळू उमगलं.

मग व्हिजिटिंग कार्ड. ते नुसतं आत पाठवण्यात अर्थ नाही, डॉक्टरांच्या टेबलावर अशी वीस कार्डं पडलेली असतात. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने मला शिकवलं होतं, की कार्डाच्या मागे पेनने एक ओळ लिहायची. कुठलं औषध, त्यात काय बदललं, किती वेळ लागेल. एवढंच. ‘नवीन ब्रँड. किंमत आणि एक मुद्दा. दीड मिनिट. ओपीडीनंतरही चालेल.’ डॉक्टर पेशंटच्या हाताला बीपीचा पट्टा बांधताना कार्ड उलटून वाचतात आणि काकांना सांगतात, ‘याला पाचनंतर सोड,’ किंवा ‘दीड वाजता थांबायला सांग.’ त्यांना ठरवता येतं, कारण ठरवायला लागणारी माहिती कार्डावर असते. ‘सर, फक्त भेटायचं होतं’ या वाक्यावर काहीच ठरवता येत नाही. आणि ‘सर, दोनच मिनिटं’ हे वाक्य आमच्या पेशाने इतकं झिजवलंय, की डॉक्टर ते ऐकून मनातल्या मनात सात मिनिटं धरतात. दीड मिनिट म्हणायचं आणि दीड मिनिटातच उठायचं. असं तीन-चार वेळा केलं, की पुढच्या वेळी शब्दावर विश्वास बसतो.

कार्डावरची शेवटची ओळ, ‘ओपीडीनंतरही चालेल’, सगळ्यात महत्त्वाची. नाही म्हणायला डॉक्टरांना जागा ठेवली, की नाही म्हणण्याची गरज क्वचित पडते. मात्र ती ओळ खरी असली पाहिजे. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं आणि आपण पुढच्या गावाची एसटी पकडायला निघून गेलो, तर पुढच्या खेपेला कार्ड आत जाणार नाही.

केबिनच्या दाराशी उभं राहिलं की एक गोष्ट शिकावी लागते : आतली कुठली फट खरी आणि कुठली फसवी. पेशंट ईसीजीसाठी शेजारच्या खोलीत गेला, की एमआरला वाटतं डॉक्टर मोकळे आहेत. ते मोकळे नसतात, त्या पेशंटचाच विचार करत असतात. पट्टी हातात आली की काय करायचं, हे मनात चाललेलं असतं. तिथे आपण औषधाचं नाव घातलं तर ते नाव ऐकू जात नाही, आणि गेलं तर नको त्या ठिकाणी जातं. फोनवर बोलत असलेले डॉक्टरही मोकळे नसतात. खरी फट तीन ठिकाणी असते. एक म्हणजे पेशंट बाहेर पडला, काकांनी पुढचं नाव पुकारलं, आणि एखादी म्हातारी आजी बाकावरून उठून, पिशवी सावरून, दाराशी चपला काढून खुर्चीत बसेपर्यंत जातं ते मिनिट. काकांशी आपलं जमलं असेल तर ते आजींचं नाव पुकारतात आणि त्याच क्षणी आपल्याला आत सोडतात. त्या वेळात कोणाचंही काही जात नाही. दुसरी फट चहाची. साधारण बाराच्या सुमाराला कप आत जातो, गरम असतो, डॉक्टर दोन मिनिटं खुर्चीला टेकतात. तिसरी, ओपीडी संपवून वॉर्डकडे जाताना जिन्यातली. जिन्यात बॅग उघडायची नसते, फोल्डर काढायचा नसतो. पायऱ्या संपेपर्यंत एक वाक्य बोलायचं.

एक गोष्ट कधीच करू नये. पेशंट केबिनमध्ये असताना आत जायचं नाही, डॉक्टरांनी बोलावलं तरी. काही डॉक्टर घाईत म्हणतात, ‘ये ये, बोल पटकन,’ आणि समोर तपासणीच्या टेबलावर बाई आडव्या असतात, पडदा अर्धा सरकलेला असतो. तिथे एकच वाक्य : ‘सर, मी बाहेर थांबतो.’ आपल्या आईला तपासताना टाय लावलेला परका माणूस आत आलेला आपल्याला चालेल का, एवढं मनात आणलं की पाय आपोआप मागे येतो.

आत गेल्यावर त्या दीड मिनिटात काय घडतं, ते एका खऱ्या प्रसंगाच्या चौकटीत दाखवतो. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं पेटंट भारतात संपलं. तोवर मूळ कंपनीची एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडत होती. पेटंट संपताच कित्येक कंपन्यांनी एकदम आपापले ब्रँड आणले आणि गोळी दहा रुपयांच्या आसपास, काहींची त्याहूनही खाली आली. पेशंटच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. रोज एक गोळी म्हणजे महिन्याचे अठराशे रुपये, ते तीनशेवर आले. पण डॉक्टरांच्या दाराशी त्या आठवड्यात काय झालं असेल, कल्पना करा. एकच रसायन, तेच १० आणि २५ मिलिग्रॅम, आणि बाहेर बाकावर आठ एमआर. सगळ्यांच्या बॅगेत तोच आलेख.

तेव्हा मी फिरती सोडली होती, पण माझ्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा त्या भागात काम करत होता आणि एके दिवशी मी त्याच्यासोबत गेलो होतो. त्याने कार्डामागे लिहिलं होतं, ‘एम्पाग्लिफ्लोझिन, किंमत आणि उपवासाचा मुद्दा. दीड मिनिट.’ आषाढी साडेतीन-चार महिन्यांवर होती आणि डॉक्टरांच्या पेशंटांत निर्जळी एकादशी करणारे किती असतात, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्याच कार्डावर डॉक्टरांनी त्याला आत घेतलं.

तो म्हणाला, “नमस्कार सर. आमचा ब्रँड आलाय, दहा आणि पंचवीसमध्ये. दहाची गोळी एवढ्याला पडते, शेजारच्या मेडिकलमध्ये आजच माल ठेवलाय. नवीन औषध नाही, तुम्ही लिहिताच. किमतीमुळे ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी आलोय.”

‘नवीन औषध नाही’ हे शब्द त्याने मुद्दाम घातले होते. औषधांच्या विक्रीसाठी केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी एक आचारसंहिता जाहीर केली. भारतात एक वर्षाहून जास्त काळ मिळत असलेल्या औषधाला ‘नवीन’ म्हणायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ब्रँड काल आलेला असला, तरी औषध जुनंच.

मग त्याने टॅबवरचं एकच पान उघडलं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, हृदयविकारामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. डॉक्टरांनी भुवई उंचावली. “अडतीस म्हणजे कितीचे किती?”

या प्रश्नावर निम्मे एमआर अडखळतात, कारण प्रशिक्षणात त्यांना फक्त मोठा आकडा पाठ करायला लावलेला असतो. हा मुलगा अडखळला नाही. “सर, ५.९ टक्क्यांचे ३.७. सात हजार पेशंट होते, साधारण तीन वर्षं पाहिले. सगळे आधीच हृदयाचा आजार असलेले मधुमेही. आणि अभ्यास मूळ कंपनीच्या गोळीवर झालाय.”

इथे जरा थांबतो, कारण वाचकालाही हे कळलं पाहिजे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हजार पेशंटांपैकी गोळी न घेणाऱ्या गटात ५९ जण हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने गेले, गोळी घेणाऱ्या गटात ३७. फरक बावीस माणसांचा. ५९ च्या तुलनेत २२ म्हणजे ३७ टक्क्यांहून थोडं जास्त, पानावरच्या ३८ च्या अगदी जवळ. दोन्ही आकडे खरे आहेत. पण ‘३८ टक्के’ ऐकून जे डोळ्यांसमोर येतं आणि ‘हजारात बावीस’ ऐकून जे येतं, ते सारखं नसतं. बावीस माणसं वाचणं हे फार मोलाचं आहे, त्यात शंका नाही. ज्याला हृदयाचा आजारच नाही अशा मधुमेही पेशंटला मात्र तोच आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. दीड मिनिटात डॉक्टरांना हवं असतं ते हे : समोरच्या आजी त्या अभ्यासातल्या पेशंटसारख्या आहेत की नाहीत.

डॉक्टर म्हणाले, “बरं. उपवासाचं काय म्हणत होतास?”

“सर, गोळी चालू असताना लांबचा उपवास झाला, किंवा उलट्या-जुलाब होऊन खाणं-पिणं बंद पडलं, तर कीटोॲसिडोसिसचा धोका आहे, आणि त्यात साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. माहितीपत्रकात आहे. ठरवलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी गोळी बंद करायची, तेही आहे. आणि जागेची स्वच्छता सांगावी लागते, बुरशीचा संसर्ग होतो.”

या औषधामुळे शरीर जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. बुरशीच्या संसर्गाचं मूळ तिथेच आहे. कीटोॲसिडोसिस म्हणजे रक्तात आम्लं साठत जाणं. एरवी ते रक्तातली साखर खूप चढल्यावर दिसतं, म्हणून ग्लुकोमीटरवर आकडा बेताचा पाहून डॉक्टर निर्धास्त राहू शकतात. मळमळ, पोटदुखी, धाप, खूप थकवा, ही लक्षणं पेशंटला आधी सांगून ठेवलेली असली तरच तो वेळेवर येतो. स्वतःच्या औषधाची ही बाजू न विचारता सांगणारा एमआर कमी भेटतो. आचारसंहितेप्रमाणे ‘सुरक्षित’ हा शब्द कुठल्याही अटीशिवाय वापरायचा नाही, आणि औषधाला दुष्परिणाम नाहीत असं ठामपणे म्हणायचं नाही. पण नियमापलीकडेही त्यात एक साधा फायदा आहे : जो धोका सांगतो, त्याने सांगितलेला गुणही डॉक्टर ऐकून घेतात.

“तुमच्या गोळीचा समतुल्यतेचा अहवाल आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“माझ्याकडे आत्ता नाही सर. कंपनीच्या मेडिकल विभागाकडून मागवतो, पुढच्या फेरीला आणतो.” त्याने डायरीत लिहून घेतलं, टॅब मिटला, “येतो सर” म्हणाला आणि उठला. मी घड्याळ पाहत होतो. एक मिनिट चाळीस सेकंद. बाहेर आजी दारातच चपला काढत होत्या.

त्याच्या बॅगेत आणखी दोन औषधांची पानं होती, ती त्याने उघडली नाहीत. संध्याकाळी रिपोर्टमध्ये त्या दोन औषधांसमोर ‘दाखवलं नाही’ असं खरं लिहिलं. वरिष्ठांना ते आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण डॉक्टरांकडे दीड मिनिट मागून चार औषधं दाखवणं हा शब्द मोडणं आहे, आणि न दाखवता ‘दाखवलं’ लिहिणं हे खोटं आहे. या दोन्हींच्या मधली तिसरी वाट नाही.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एरिया मॅनेजर सोबत होते. त्या दिवशी कंपनीला तीन ब्रँड हवेच होते. मी कार्डावर दोन मिनिटं लिहिली आणि आत गेल्यावर साहेबांनी फोल्डरचं पान न् पान उलटवलं. डॉक्टर सौजन्याने ऐकत होते. बाहेर एका बाईंच्या मांडीवर तापाने फणफणलेलं पोर होतं, मी आत जाताना ते पाहिलं होतं. आठव्या मिनिटाला काका दार उघडून म्हणाले, “डॉक्टर, पोराला झटका आला.” डॉक्टर खुर्ची मागे सारून धावले. पोर सावरलं, तापातला झटका होता, काही मिनिटांत थांबला. पण त्या बाई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती मी विसरलेलो नाही. पुढचे सहा महिने माझं कार्ड आत गेलं नाही, आणि ते योग्यच होतं. मी दर फेरीला गेलो, काकांना नमस्कार केला, औषधाची माहिती पाकिटात घालून ठेवली आणि निघालो. सहा महिन्यांनी काकांनी सांगितलं, “डॉक्टर म्हणालेत, दीड वाजता थांब.” त्या दिवशी मी एका मिनिटात बाहेर आलो.

वेळ मिळवायचे आडमार्गही आहेत, आणि ते वाचकाला माहीत असावेत. कोणी पेशंट म्हणून केसपेपर काढून रांगेत बसतो आणि आत गेल्यावर फोल्डर उघडतो. कोणी ‘कोणाचा तरी निरोप आणलाय’ म्हणून आत शिरतो. कोणी काकांच्या हातात पाकीट सरकवतो, कोणी डॉक्टरांच्या घरच्या समारंभाला काही पाठवतो. २०२४ च्या संहितेत यावर दोन वाक्यं आहेत : भेट मिळवण्यासाठी आमिष किंवा क्लृप्ती वापरायची नाही, आणि डॉक्टरांपर्यंत पोचण्यासाठी कुठल्याही नावाखाली पैसे द्यायचे नाहीत. डॉक्टरांच्या वा त्यांच्या कुटुंबाच्या वैयक्तिक फायद्याच्या भेटवस्तू बंद आहेत. डॉक्टरांवर तर भेटवस्तू आणि सहली घेण्याची बंदी मेडिकल कौन्सिलने २००९ मध्येच घातली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा खर्च कंपनीला प्राप्तिकरात वजावट म्हणून दाखवता येणार नाही, असा निकाल दिला.

सॅम्पललाही आता माप आहे. एका पाकिटात जास्तीत जास्त तीन पेशंटांना पुरेल एवढंच औषध, आणि एका औषधाची एका डॉक्टरला वर्षाला बारापेक्षा जास्त पाकिटं नाहीत. कोणाला, कधी, किती दिलं याची नोंद कंपनीने ठेवायची. पूर्वी सॅम्पलची पिशवी हाच आत जायचा परवाना असायचा. काकांना आधी पिशवी दिसायची, मग माणूस. ते कमी झालं हे बरंच झालं, कारण पिशवी नसताना बोलण्यात दम लागतो.

काही दारं आता बंदच होतायत. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने आपल्या अखत्यारीतल्या रुग्णालयांना एमआरना डॉक्टरांच्या भेटीसाठी आत येऊ देऊ नये, माहिती ईमेलसारख्या मार्गाने घ्यावी, असं कळवलं. मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या गर्दीत हे मला पटतं. तिथल्या डॉक्टरांना औषधांच्या माहितीचे दुसरे रस्ते असतात, सहकारी असतात, ग्रंथालय असतं. तालुक्याच्या गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांचं तसं नसतं. साठ रुपयांची गोळी दहाला झाली, हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं, तर त्याच आठवड्यात एखाद्या शेतमजुराला ती लिहून दिली जाते. विकायला आलेल्या माणसाकडून ही माहिती मिळावी हे आदर्श नाही, मान्य आहे. म्हणून तर त्याने किती वेळ घ्यावी आणि त्या वेळात काय बोलावं, याला बांध हवा.

खाजगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना त्यासाठी माझी एक विनंती आहे. बाहेर पाटी लावा. तिच्यावर दिवस लिहा, किती पेशंटनंतर एक ते लिहा, आणि किती मिनिटं तेही लिहा. मग ती पाटी एमआरइतकीच स्वतःही पाळा. ओळखीचा आला म्हणून मधे घेऊ नका, आणि पाटीवर थांबायला सांगून तासाभराने मागच्या दाराने निघून जाऊ नका.